विसंगती-निराकरण (तर्कक्षमता)

विसंगती-निराकरण हा तर्कक्षमता चाचण्यांमधील एक प्रश्नप्रकार आहे. या प्रकारात एका लहान उताऱ्यात दोन तथ्ये दिलेली असतात. दोन्ही खरी मानायची असतात, परंतु वरवर पाहता ती एकत्र नांदू शकणार नाहीत असे वाटते. त्यानंतर चार किंवा पाच विधाने दिली जातात आणि त्यांपैकी कोणत्या विधानामुळे ही दोन तथ्ये एकाच वेळी खरी असणे समजण्याजोगे होते, ते ओळखायचे असते. या प्रकाराला ‘विरोधाभास-निराकरण’ किंवा ‘विसंगतीचे स्पष्टीकरण’ असेही म्हणतात.

अमेरिकेतील विधी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठीची एलसॅट आणि व्यवस्थापन अभ्यासक्रमांसाठीची जीमॅट या परीक्षांत हा प्रकार दीर्घकाळ रूढ आहे. भारतात व्यवस्थापन आणि विधी प्रवेश परीक्षांच्या तर्कविभागांत तो आढळतो. स्पर्धा परीक्षांतील उताऱ्यांवरील प्रश्नांतही त्याच धाटणीचा विचार करावा लागतो.

## स्वरूप

प्रश्नाची शब्दरचना साधारणपणे अशी असते : ‘पुढीलपैकी कोणते विधान, सत्य मानल्यास, वरील विसंगतीचे सर्वांत चांगले स्पष्टीकरण देते?’ यातील ‘सत्य मानल्यास’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पर्यायातील विधान प्रत्यक्षात खरे आहे की नाही, हे परीक्षार्थीने तपासायचे नसते. ते खरे धरून चालायचे आणि मग उताऱ्यातील दोन तथ्यांचे काय होते, एवढेच पाहायचे असते.

येथील विसंगती तर्कशास्त्रीय अर्थाने खरा विरोध नसते. ‘हे विधान खोटे आहे’ यासारख्या कूटविधानातून सुटका नसते, कारण विरोध त्या विधानाच्या रचनेतच असतो. परीक्षेतील विसंगती मात्र केवळ दिसणारी असते. मराठी साहित्यशास्त्रात विरोधाभास अलंकाराची व्याख्याही याच धर्तीवर केली जाते. त्यात विरोध वरवर दिसतो आणि अर्थ उलगडल्यावर नाहीसा होतो.

हा विरोध दिसतो कोठून? दोन तथ्यांमध्ये तो थेट नसतो. वाचणारा नकळत एक तिसरे, न लिहिलेले विधान गृहीत धरतो, आणि त्या गृहीतकामुळे पहिल्या तथ्यावरून दुसऱ्याच्या उलट काहीतरी अपेक्षित राहते. म्हणून योग्य पर्याय दोन्ही तथ्यांना हात लावत नाही. तो फक्त मधले गृहीतक मोडतो. उतारा वाचल्यावर ‘हे विचित्र का वाटते?’ असे विचारून ते गृहीतक एका वाक्यात मांडता आले, की पर्याय वाचण्यापूर्वीच अर्धे काम झालेले असते. पर्याय आधी वाचले तर प्रत्येक पर्याय थोडाथोडा पटू लागतो. या प्रकारातील बहुतेक चुका तेथेच होतात.

## तळोज्यातील निळे कुत्रे

रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील तळोजा येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची मोठी वसाहत असून तेथे रासायनिक कारखान्यांची संख्या लक्षणीय आहे. वसाहतीच्या परिसरातून कासाडी नदी वाहते आणि तिच्या प्रदूषणाविषयी स्थानिक रहिवासी व मच्छीमार अनेक वर्षे तक्रारी करत आले आहेत. ऑगस्ट २०१७ मध्ये या भागात निळ्या रंगाचे भटके कुत्रे दिसू लागले. त्यांची छायाचित्रे देशविदेशातील वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाली.

सुरुवातीला संशय नदीवर गेला, आणि ते स्वाभाविकच होते. नदीत सांडपाणी मिसळते आणि अन्नाच्या शोधात कुत्रे पात्रात उतरतात, तेव्हा रंग पाण्यातूनच लागला असावा, असा तो तर्क होता. मात्र या तर्कापुढे एक अडचण उभी राहते आणि तिच्यातून एक उत्तम विसंगती-प्रश्न तयार होतो. उतारा असा मांडता येईल : ‘वसाहतीतील अनेक भटके कुत्रे एकाच नदीच्या पात्रात नेहमी उतरतात. तरीही त्यांपैकी मोजकेच कुत्रे निळे झाले आहेत.’

यातील न लिहिलेले गृहीतक म्हणजे ‘रंग नदीच्या पाण्यातून लागला’ हे होय. ते धरले तरच मोजकेच कुत्रे निळे होणे विचित्र ठरते. आता चार पर्याय विचारात घेऊ. पहिला पर्याय सांगतो की नदीत औद्योगिक सांडपाणी मिसळते. तो परिचित आहे आणि खराही वाटतो, पण त्यामुळे कोडे सुटत नाही, उलट घट्ट होते. पाणी जितके दूषित, तितके अधिक कुत्रे निळे व्हायला हवेत. दुसरा पर्याय सांगतो की परिसरातील भटक्या कुत्र्यांची संख्या गेल्या काही वर्षांत वाढली आहे. त्याचा रंगाशी संबंध नाही. तिसरा पर्याय असा, की काही कुत्रे एका कारखान्याच्या आवारात अन्न शोधत शिरतात आणि तेथे निळ्या रंगद्रव्याची भुकटी त्यांच्या अंगावर बसते, तर इतर कुत्रे त्या आवारात जात नाहीत. हा पर्याय दोन्ही तथ्यांना जागा करून देतो. अनेक कुत्रे नदीत उतरतात हे खरे राहते, मोजकेच निळे होतात हेही खरे राहते, आणि ‘रंग नदीतून लागला’ हे गृहीतक तेवढे गळून पडते.

चौथा पर्याय अधिक फसवा आहे : ‘निळे दिसणारे कुत्रे मुळात पांढरे किंवा फिकट रंगाचे होते.’ पांढऱ्या केसांवर निळा रंग उठून दिसतो आणि काळ्या केसांवर दिसत नाही, हे कोणालाही पटेल. परंतु निळे न झालेल्या कुत्र्यांमध्ये पांढरे कुत्रे नव्हते, हे पर्यायात कोठेही म्हटलेले नाही. ते वाचणाऱ्याला स्वतःच्या पदरचे घालावे लागते. ज्या पर्यायाला काम करण्यासाठी आणखी एका न सांगितलेल्या तथ्याचा आधार लागतो, तो तसा आधार न लागणाऱ्या पर्यायापुढे मागे पडतो. प्रश्नात ‘सर्वांत चांगले’ असे लिहिलेले असते ते याचसाठी. पर्यायाची शब्दरचना ‘निळे झालेले सर्व कुत्रे पांढरे होते आणि नदीत उतरणारे इतर सर्व काळे’ अशी असती, तर मात्र तो तिसऱ्या पर्यायाच्या बरोबरीला आला असता आणि प्रश्न सदोष ठरला असता.

प्रत्यक्षात घडलेही तिसऱ्या पर्यायासारखेच. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाहणी केली, निळे रंगद्रव्य वापरणाऱ्या एका कारखान्याच्या आवाराकडे बोट दाखवले गेले आणि त्या कारखान्याला काम थांबवण्याचा आदेश देण्यात आला. प्रत्यक्ष जीवन आणि परीक्षा यांतील फरकही येथे दिसतो. परीक्षेत तिसरे विधान खरे मानण्याची मुभा असते, तर तळोज्यात ते आवारात जाऊन तपासावे लागले. उत्तर कोणते निघते यावर उपायही अवलंबून होता. दोष नदीतील पाण्याचा असेल तर सांडपाण्याच्या निचऱ्याकडे पाहावे लागते, आणि तो उडणाऱ्या भुकटीचा असेल तर कारखान्यातील साठवण, हवा आणि कुंपण यांकडे. कुत्र्यांचा रंग नदीतून लागला नव्हता, यावरून नदी स्वच्छ असल्याचे सिद्ध होत नाही, ही गोष्ट त्या वेळच्या चर्चेत काहीशी मागे पडली. विसंगती सोडवणारे विधान फक्त विचारलेल्या विसंगतीपुरते बोलते.

## सोडवलेले उदाहरण : स्वच्छ सांडपाणी, अस्वच्छ नदी

औद्योगिक वसाहतीच्या संदर्भातीलच दुसरे उदाहरण या प्रश्नप्रकाराचा सर्वांत वारंवार येणारा साचा दाखवते. त्यातील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले असून ते कोणत्याही प्रत्यक्ष नदीचे किंवा वसाहतीचे नाहीत.

> एका औद्योगिक वसाहतीत पाच वर्षांपूर्वी सांडपाण्यावरील प्रक्रियेत सुधारणा करण्यात आली. तेव्हापासून नदीत सोडल्या जाणाऱ्या प्रत्येक लिटर सांडपाण्यातील सेंद्रिय प्रदूषण पूर्वीपेक्षा बरेच कमी झाले आहे आणि ते सातत्याने मर्यादेत राहिले आहे. नदीत दुसऱ्या कोणत्याही ठिकाणाहून प्रदूषण येत नाही. तरीही वसाहतीच्या खालच्या बाजूस नदीच्या पाण्याचा दर्जा या पाच वर्षांत घसरला आहे.

पर्याय पुढीलप्रमाणे :

(अ) नदीकाठच्या गावांतून पाण्याविषयी येणाऱ्या तक्रारींची संख्या या काळात वाढली आहे.
(आ) सांडपाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेचे निष्कर्ष विश्वासार्ह नाहीत.
(इ) या काळात वसाहतीतील उत्पादन वाढले असून नदीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याचे एकूण प्रमाण दुपटीहून अधिक झाले आहे.
(ई) दरवर्षी उन्हाळ्यात नदीचा प्रवाह क्षीण होतो.
(उ) या वसाहतीला लागू असलेली मर्यादा इतर वसाहतींपेक्षा अधिक कडक आहे.

प्रथम गृहीतक शोधावे. ‘प्रत्येक लिटर अधिक स्वच्छ झाला, म्हणजे नदीत जाणारी एकूण घाण कमी झाली’ असे आपण मनात धरतो. उताऱ्यात तसे कोठेही म्हटलेले नाही. तेथे ‘प्रत्येक लिटर’ असे शब्द आहेत.

पर्याय (अ) दुसरे तथ्य वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगतो. पाणी बिघडले की तक्रारी वाढणारच. पण ते का बिघडले, हे त्यात नाही. पर्याय (आ) अनेकांना आकर्षक वाटतो, कारण रोजच्या व्यवहारात अशी शंका आधी येते. मात्र तो पहिले तथ्यच खोटे ठरवतो. उताऱ्यातील तथ्ये खरी धरायची हा या प्रकाराचा मूळ नियम आहे, त्यामुळे एक तथ्य नाकारून विसंगती मिटवणारा पर्याय निवडता येत नाही. मत कमकुवत करण्याच्या प्रश्नात हेच विधान कदाचित योग्य उत्तर ठरले असते.

पर्याय (ई) मधील ‘दरवर्षी’ हा शब्द निर्णायक आहे. प्रवाह दर उन्हाळ्यात कमी होत असेल, तर तो पाच वर्षांपूर्वीही कमी होत होता. जे कारण आधी आणि नंतर सारखेच हजर आहे, ते दोहोंमधील बदल समजावू शकत नाही. पर्याय (उ) कोडे आणखी गडद करतो, कारण मर्यादा कडक असेल तर नदी अधिकच स्वच्छ असायला हवी होती.

उरतो पर्याय (इ). प्रदूषणाचा एकूण भार म्हणजे एका लिटरमधील प्रदूषण गुणिले एकूण लिटर. पहिला घटक घटला आणि दुसरा त्याहून अधिक वेगाने वाढला, तर गुणाकार वाढतो. दोन्ही तथ्ये जशीच्या तशी राहतात.

## आकडे घालून पाहिल्यास

सांडपाण्यातील सेंद्रिय प्रदूषण ‘जैविक प्राणवायू मागणी’ या मापाने मोजतात. सूक्ष्मजीवांना ते पदार्थ कुजवण्यासाठी किती प्राणवायू लागतो, ते हे माप सांगते. भारतात नदीसारख्या भूपृष्ठीय जलस्रोतात सोडण्याच्या सांडपाण्यासाठी या मागणीची सर्वसाधारण मर्यादा एका लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. ही मर्यादा दर लिटरमागे ठरलेली असल्याने वरील उदाहरणासारखी परिस्थिती केवळ कागदावरची राहत नाही.

समजा, पाच वर्षांपूर्वी वसाहतीतून रोज ५० लाख लिटर सांडपाणी नदीत जात होते आणि त्यातील मागणी लिटरला ४० मिलिग्रॅम होती. रोजचा भार झाला २०० किलोग्रॅम. आज मागणी २५ मिलिग्रॅमवर आली, पण सांडपाणी १ कोटी २० लाख लिटर झाले. आजचा भार आहे ३०० किलोग्रॅम. प्रत्येक लिटर जवळपास ३८ टक्क्यांनी सुधारला आणि एकूण भार दीडपट झाला.

आता हे सांडपाणी नदीत मिसळू. वरच्या बाजूने नदीत रोज १० कोटी लिटर पाणी येते आणि त्यातील मागणी लिटरला २ मिलिग्रॅम आहे असे धरू. म्हणजे नदी स्वतःचा २०० किलोग्रॅम भार घेऊन येते. पूर्वी मिश्रणात ४०० किलोग्रॅम भार आणि १० कोटी ५० लाख लिटर पाणी होते, म्हणजे लिटरला सुमारे ३.८ मिलिग्रॅम. आज ५०० किलोग्रॅम भार आणि ११ कोटी २० लाख लिटर पाणी आहे, म्हणजे सुमारे ४.५ मिलिग्रॅम. नदी बिघडली, आणि तीही मर्यादा पाळूनच.

या हिशेबातून पर्याय (इ) मधील ‘दुपटीहून अधिक’ या शब्दांचे मोल कळते. त्याऐवजी ‘थोडे वाढले’ असे लिहिले असते तर? सांडपाणी ६० लाख लिटर झाले असते, तर २५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने भार १५० किलोग्रॅम, म्हणजे पूर्वीपेक्षा कमीच भरला असता आणि नदी सुधारायला हवी होती. वरील आकड्यांत भार पूर्वीएवढा होण्यासाठी सांडपाणी ८० लाख लिटर व्हावे लागते. मिसळण्यामुळे होणारी सौम्यता धरली तर पाण्याचा दर्जा पूर्वीपेक्षा खाली जाण्यासाठी ते सुमारे ८५ लाख लिटरच्या पुढे जावे लागते. म्हणून पर्याय केवळ योग्य दिशेचा असणे पुरत नाही, तो पुरेशा प्रमाणाचाही असावा लागतो. प्रश्नकर्ते चुकीचा पर्याय तयार करताना अनेकदा दिशा बरोबर ठेवतात आणि ‘किंचित’, ‘काही’, ‘क्वचित’ असा एखादा शब्द घालून प्रमाण काढून घेतात. उलट बाजूने, परीक्षार्थीकडे आकडे नसतात. तेव्हा ‘दुपटीहून अधिक’ पुरेसे आहे की नाही, हे काटेकोरपणे सिद्ध करता येत नाही. इतर पर्यायांच्या तुलनेत ते सर्वाधिक काम करते, एवढेच म्हणता येते.

आणखी एक मर्यादा ऋतूची आहे. पावसाळ्यात त्याच नदीला रोज २०० कोटी लिटर पाणी असेल, तर मिश्रणातील मागणी पूर्वीही लिटरला सुमारे २.१ मिलिग्रॅम भरते आणि आजही तेवढीच. फरक मोजमापाच्या चुकीत हरवून जाईल. उताऱ्यात ‘पावसाळ्यातील नमुन्यांवरून दर्जा घसरल्याचे दिसते’ असे असते, तर पर्याय (इ) चे बळ बरेच कमी झाले असते. कोकणातील नद्यांच्या बाबतीत ही सूचना विशेष लागू पडते, कारण तेथे पावसाळ्यातील आणि उन्हाळ्यातील प्रवाहांत फार मोठे अंतर असते.

## गटांची घडण बदलणे

‘दर नग’ आणि ‘एकूण’ यांची गल्लत हा एक साचा झाला. दुसरा महत्त्वाचा साचा म्हणजे तुलना केलेल्या गटांची आतली घडण वेगळी असणे. त्याचे प्रसिद्ध प्रत्यक्ष उदाहरण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांचे आहे. त्या वर्षी ८,४४२ पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४४ टक्के, तर ४,३२१ महिला अर्जदारांपैकी सुमारे ३५ टक्के अर्जदारांना प्रवेश मिळाला. मात्र विभागवार पाहणी केली असता बहुतेक विभागांत महिलांविरुद्ध लक्षणीय कल आढळला नाही, आणि काही विभागांत तो महिलांच्या बाजूने होता. एकूण आकडा आणि विभागांचे आकडे एकमेकांविरुद्ध बोलत होते.

दोन्ही खरे कसे? ज्या विभागांत प्रवेश मिळणे सर्वांनाच अवघड होते, त्या विभागांकडे महिलांचे अर्ज तुलनेने अधिक गेले होते. हे एक विधान दोन्ही तथ्यांना जोडते. गृहीतक असे होते, की पुरुष व महिला यांचे अर्ज विभागांत सारख्याच प्रमाणात वाटले गेले असावेत. पीटर बिकेल व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात या आकडेवारीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. संख्याशास्त्रात या घटितास सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. महिला त्या विभागांकडे अधिक का वळल्या, हा वेगळा आणि तितकाच गंभीर प्रश्न आहे. विसंगती सुटली म्हणून तो सुटत नाही.

परीक्षेतील उताऱ्यात सरासरी, टक्केवारी किंवा ‘दर’ हे शब्द दिसले की हा साचा तपासून पाहावा. औषध घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक असूनही औषध उपयुक्त असणे, किंवा अनुभवी शल्यविशारदाचे अपयशाचे प्रमाण नवख्यापेक्षा जास्त असणे, अशा उताऱ्यांचे उत्तर बहुधा ‘गंभीर रुग्ण त्यांच्याकडेच जातात’ या प्रकारचे असते.

## अर्थापत्तीशी साम्य

दोन विसंगत तथ्यांमधून तिसऱ्या तथ्यापर्यंत जाण्याची ही रीत भारतीय ज्ञानशास्त्रात प्राचीन काळापासून चर्चिली गेली आहे. मीमांसा दर्शन तिला अर्थापत्ती म्हणते आणि प्रत्यक्ष, अनुमान यांच्याप्रमाणे स्वतंत्र प्रमाण मानते. तिचे नेहमीचे उदाहरण देवदत्ताचे आहे. देवदत्त दिवसा जेवत नाही, तरीही तो धष्टपुष्ट आहे. ही दोन्ही तथ्ये पक्की असल्यास, तो रात्री जेवतो असे मानल्यावाचून गत्यंतर नाही. दुसरे उदाहरण असे, की चैत्र जिवंत आहे आणि तो घरात नाही, म्हणून तो बाहेर आहे.

आधुनिक प्रश्नप्रकाराशी तुलना करता देवदत्ताच्या उदाहरणातील न लिहिलेले गृहीतक सहज सापडते : ‘जो दिवसा जेवत नाही, तो जेवतच नाही.’ रात्रीच्या भोजनाची कल्पना नेमके तेच मोडते.

अर्थापत्तीच्या स्वरूपाबद्दल मीमांसकांमध्येही एकमत नव्हते. कुमारिल भट्टांच्या मते तिच्या मुळाशी दोन प्रमाणसिद्ध ज्ञानांमधील विरोध असतो, तर प्रभाकरांच्या परंपरेत तेथे संशयाचा अंश मानला जातो. न्याय दर्शनाने तिचे स्वतंत्र स्थान अमान्य केले आणि तिचा समावेश अनुमानातच केला. जो पुष्ट आहे आणि दिवसा जेवत नाही तो रात्री जेवत असला पाहिजे, कारण रात्रीही न जेवणारा तसा राहू शकत नाही, असे व्यतिरेकी अनुमान पुरेसे आहे, अशी नैयायिकांची भूमिका आहे.

अर्थापत्ती आणि परीक्षेतील प्रश्न यांत एक फरक मात्र ध्यानात घ्यावा लागतो. मीमांसकांना अपेक्षित असलेले तिसरे तथ्य ‘त्याशिवाय उपपत्तीच नाही’ असे, म्हणजे अपरिहार्य असते. परीक्षेतील योग्य पर्याय अपरिहार्य नसतो. नदीच्या उदाहरणात पाच वर्षांत वरच्या बाजूला धरण बांधले जाऊन प्रवाह कायमचा घटला, हेही तितकेच चांगले स्पष्टीकरण झाले असते. ते पर्यायांत नव्हते, एवढेच. त्यामुळे ‘उताऱ्यावरून हे सिद्ध होते का?’ असा प्रश्न पर्यायांना लावणे चुकीचे आहे. तो निष्कर्ष काढण्याच्या प्रश्नाचा निकष आहे. येथे ओघ उलटा असतो, म्हणजे पर्यायाकडून उताऱ्याकडे. याच कारणाने योग्य पर्यायात उताऱ्यात नसलेली नवी माहिती असते, आणि ‘उताऱ्याबाहेरचे’ म्हणून पर्याय फेटाळण्याची सवय लागलेले विद्यार्थी बरोबर उत्तरच प्रथम बाद करतात.

## उलट रूप

याच प्रश्नाचे एक उलट रूपही विचारले जाते : ‘पुढीलपैकी कोणते विधान वगळता इतर सर्व विधाने विसंगती दूर करण्यास मदत करतात?’ येथे चार पर्याय वेगवेगळ्या मार्गांनी विसंगती सोडवतात आणि एकच तसे करत नाही. एकाच विसंगतीची अनेक स्पष्टीकरणे शक्य असतात, हे या रूपात उघड दिसते. नदीच्या उताऱ्यावर असा प्रश्न केल्यास सांडपाण्याचे वाढलेले प्रमाण, वरच्या बाजूस अडवलेले पाणी, मर्यादेच्या चाचणीत न मोजल्या जाणाऱ्या दुसऱ्या एखाद्या घटकाची सांडपाण्यातील वाढ आणि पात्रातील जुन्या गाळातून पुन्हा वर येऊ लागलेली घाण, ही चारही विधाने विसंगती दूर करतील. यांपैकी शेवटचे विधान घ्यायचे झाल्यास ‘दुसऱ्या कोणत्याही ठिकाणाहून प्रदूषण येत नाही’ हे उताऱ्यातील वाक्य आधी काढावे लागेल, अन्यथा ते एका दिलेल्या तथ्यालाच धक्का देते. वगळायचे विधान बहुधा विषयाशी निगडित आणि अगदी खरे वाटणारे असते. वरील पर्यायांपैकी (अ) आणि (ई) या जागी सहज बसतील.